नळाशी होणारी गळती आणि बागेच्या पाइपाची निवड

बागेला पाणी घालण्याच्या पाइपाविषयी दुकानात जे बोलणे होते ते बहुधा पाइपाची जाडी, रंग आणि मीटरमागचा भाव यांवरच संपते. परंतु तो पाइप किती टिकेल आणि नळाशी गळेल की नाही, हे ज्या गोष्टीवर ठरते ती वेगळीच असते, आणि ती म्हणजे नळ चालू असताना पाइपाचे पलीकडचे तोंड कधी बंद केले जाते काय. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बंगल्यांच्या, शाळांच्या आणि रोपवाटिकांच्या बागा सांभाळणाऱ्यांच्या कामात हा फरक गेल्या काही वर्षांत ठळक झाला आहे, कारण पूर्वी जेथे पाइपाच्या टोकावर अंगठा धरून पाणी उडवले जात असे, तेथे आता घोडा दाबून पाणी सोडणारी व घोडा सोडताच पाणी अडवणारी गन आली आहे, आणि गच्चीवरच्या टाकीखाली पाण्याचा जोर वाढवणारा छोटा पंपही अनेक घरांत बसला आहे.

पाइपाचे टोक उघडे असते तेव्हा टाकीतल्या पाण्याच्या उंचीमुळे मिळणारा सगळा दाब पाणी पुढे ढकलण्यात आणि पाइपाच्या आतल्या घर्षणात खर्च होत जातो, त्यामुळे नळापासून जसजसे लांब जावे तसतसा पाइपातला दाब उतरत जाऊन टोकाशी जवळजवळ शून्य होतो. टोक बंद केले की वाहणे थांबते, घर्षण उरत नाही, आणि नळापासून गनपर्यंत पाइपाच्या प्रत्येक इंचावर, तसेच नळाच्या पोटात आणि जोडाच्या प्रत्येक फटीत, पूर्ण दाब उभा राहतो. पाण्याच्या १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १ किलो दाब येतो, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरील टाकीतल्या पाण्याची पातळी बागेतल्या नळापेक्षा ७ मीटर उंच असेल तर हा उभा दाब ०.७ किलोच्या आसपास असतो. जोर वाढवणारा पंप बसला की तोच २ ते ३ किलोवर जातो. तारेने बांधलेला साधा पाइप वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला असतो आणि गन व पंप आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात निसटतो, याचे कारण पाइप एकाएकी वाईट झाला हे नसून त्याच्याकडून मागितले जाणारे काम बदलले हे असते.

पीव्हीसी हा मुळात कडक पदार्थ आहे. बांधकामातले नळ त्याच्याच कडक रूपाचे असतात. बागेचा पाइप मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते, ज्याला प्लॅस्टिसायझर म्हणजे मऊपणा आणणारे द्रव्य म्हणतात, आणि या पाइपाचे गुण आणि दोष दोन्ही त्या द्रव्यातून येतात. नवा पाइप हलका, वळणारा आणि स्वस्त असतो. पण ऊन व उष्णता यांनी ते द्रव्य हळूहळू बाहेर पडत जाते, पृष्ठभाग आधी चिकट, मग कोरडा होतो, आणि शेवटी पाइप वळवला की पांढरी रेघ उमटून तेथेच चीर पडते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीच्या पूर्व भागात, जत, आटपाडी किंवा कवठे महांकाळ या तालुक्यांत, आणि साताऱ्याच्या माण-खटाव पट्ट्यात उघड्यावर पडलेला पाइप दुपारी हाताला सोसत नाही इतका तापतो, आणि पाइपावर छापलेली दाबाची क्षमता ही साधारण खोलीच्या तापमानाची असते, हे तेथे लक्षात घ्यावे लागते. पाणी ६० अंशांपर्यंत तापले तर साध्या पीव्हीसी पाइपाची ती क्षमता निम्म्याहूनही खाली येऊ शकते. याच्या उलट टोकाला महाबळेश्वर-पाचगणीचा हिवाळा आहे, जेथे वेण्णा तलावाच्या काठी काही पहाटे दव गोठते. तेथे तोच पाइप सकाळी काठीसारखा ताठ होतो, गुंडाळी उलगडताना मुरड पडते, आणि त्या मुरडीत एकदा पडलेली घडी पुढे पाणी सोडल्यावरही पूर्ण उघडत नाही.

या सगळ्यात एक हानी अशी आहे की ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सकाळी पाणी घालून झाल्यावर गन बंद केली, नळही बंद केला, आणि पाण्याने भरलेला पाइप अंगणातच राहिला, तर त्यातले पाणी दोन्ही बाजूंनी कोंडलेले असते. साडेबारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंची, आतल्या व्यासाच्या ३० मीटर पाइपात साधारण ३.७ लिटर पाणी मावते. ते २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापले तर सुमारे एक शतांशाहून थोडे अधिक फुगते, म्हणजे जवळपास ४० मिलिलिटर जास्तीच्या पाण्याला जागा लागते, आणि ती जागा उन्हाने आधीच मऊ पडलेला पाइप फुगून देतो किंवा नळाशी बसवलेला जोड सैल होऊन देतो. जेथे पाइपाला एका बाजूला बेडकुळीसारखा फुगवटा आलेला दिसतो, तेथे पाण्याच्या जोरापेक्षा हे कोंडणेच बहुधा कारणीभूत असते. यावरचा उपाय खर्चाचा नाही. नळ आधी बंद करावा, मग गन दाबून पाइपातला दाब सोडून द्यावा, आणि पाइप सावलीत गुंडाळावा. नळ आधी की गन आधी, या एवढ्याशा क्रमाने पाइपाचे आयुष्य जितके वाढते तितके महागडा पाइप घेऊनही वाढत नाही, असे या कामातल्या अनुभवावरून म्हणता येते.

रबरी पाइपाची गोष्ट वेगळी आहे. ताणला की परत मूळ आकारात येणे हा रबराचा स्वभाव, आणि तो उष्णतेत व थंडीत पीव्हीसीपेक्षा खूपच कमी बदलतो. काळ्या रबरात मिसळलेली काजळी उन्हातल्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षणही करते. म्हणूनच महाबळेश्वरच्या थंडीत आणि आटपाडीच्या उन्हात सारखाच वळणारा पाइप हवा असेल तर तो रबरी असावा लागतो. त्याची अडचण वजनाची आणि किमतीची. पाण्याने भरलेला ३० मीटरचा रबरी पाइप ओढत कुंड्यांच्या ओळींमधून फिरणे वयस्क माणसाला जड जाते आणि कोपऱ्यावरची रोपे मोडतात. शिवाय सगळे रबर एक नसते. नैसर्गिक रबर आणि काही स्वस्त मिश्रणे हवेतल्या ओझोन वायूने तडकतात, आणि ही तडक जेथे रबर ताणलेले असते तेथेच, ताणाच्या आडव्या दिशेने पडते. त्यामुळे जोडाच्या फुगीर नळीवर चढवलेल्या टोकाशी बारीक समांतर भेगा दिसू लागल्या की उरलेला पाइप कितीही चांगला दिसला तरी ते टोक लवकरच फाटणार हे ओळखावे, आणि तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा बसवावा. ईपीडीएम नावाचे रबर ओझोनला दाद देत नाही, पण खनिज तेलाने ते फुगते. म्हणून पाइप चढेना तेव्हा गाडीचे ग्रीस किंवा इंजिनातले तेल लावण्याची जी सवय आहे, ती अशा रबराला घातक ठरते. साबणाचे पाणी पुरते.

तिसरा प्रकार ब्रेडेड पाइपाचा, म्हणजे ज्याच्या आतल्या नळीवर पॉलिएस्टर दोऱ्याची जाळी चढवून वर आणखी एक थर दिलेला असतो त्याचा. दोऱ्याची ही जाळी कशासाठी असते हे समजले तर निवडही सोपी होते. कोणत्याही गोल नळीत दाबाने नळीचा घेर फाडू पाहणारा ताण हा तिला लांबीच्या दिशेने ओढू पाहणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो, म्हणून पाइप नेहमी लांबीच्या रेषेतच उभा फाटतो, आडवा तुटत नाही. दोरा नळीभोवती सुमारे ५५ अंशांच्या कोनात, नेमके सांगायचे तर ५४.७ अंशांत गुंडाळला तर तो हे दोन्ही ताण त्यांच्या त्यांच्या प्रमाणात उचलतो आणि दाब आला तरी पाइप ना आखूड होतो ना लांब. कोन याहून बराच कमी-जास्त असेल तर गन सोडताच पाइप अंगणात सापासारखा वळवळतो किंवा आक्रसतो, आणि तो हिसका दर वेळी नळाजवळच्या जोडावर येतो. घेण्याआधी पाइपाच्या भिंतीतून दिसणारी जाळी नीट पाहिली तर दोरे समान अंतरावर आहेत की एका बाजूला दाटले आहेत एवढे तरी कळते; दाटलेल्या जाळीच्या पाइपात विरळ बाजू फुगते.

या पाइपालाही एक दुबळी जागा आहे, आणि ती त्याच्या कापलेल्या टोकात आहे. टोक तिरपे कापले किंवा कात्रीने चिरडले तर जोड बसल्यानंतरही पाण्याला दोऱ्याच्या थरात शिरायला वाट मिळते, आणि दोरा वातीसारखे पाणी ओढत पुढे नेतो. काही आठवड्यांनी नळापासून हात-दोन हात अंतरावर बाहेरच्या थराखाली पाण्याचा फोड आलेला दिसतो व पाइप तेथे फाटला असे वाटते, वास्तविक दोष टोकाशी असतो. धारदार सुरीने, पाइप फळीवर ठेवून, काटकोनात एका दमात कापणे हाच यावरचा इलाज. पारदर्शक ब्रेडेड पाइप आतली घाण दिसते म्हणून लोकांना आवडतो, पण त्यात प्रकाश शिरतो आणि शेवाळ धरते. त्या शेवाळाचे तुकडे गनच्या जाळीत अडकतात, गन पूर्ण बंद होत नाही, आणि तिच्या तोंडातून ठिबकणारे पाणी पाहून माणूस विनाकारण गन बदलतो. काळा किंवा गडद हिरवा, प्रकाश न शिरणारा पाइप या बाबतीत श्रेयस्कर.

तासगाव, मिरज आणि कवठे महांकाळ भागात द्राक्षबागांच्या फवारणीसाठी जो जाड भिंतीचा ब्रेडेड पाइप वापरतात तो पाहून, इतका दणकट पाइप घरच्या बागेलाही घ्यावा असे अनेकांना वाटते. तो दाबासाठी दणकट आहे हे खरे, पण त्याचा आतला व्यास साधारण ८.५ किंवा १० मिलिमीटर असतो, कारण फवारणीचा पंप मोठ्या दाबाने थोडे पाणी ढकलतो. टाकीच्या पाण्याची अवस्था याच्या उलट असते. तेथे दाब थोडा असतो आणि पाणी जास्त हवे असते. नळापासून टाकीतले पाणी ६ मीटर उंच धरले तर ३० मीटर लांबीच्या साडेबारा मिलिमीटर पाइपातून, तोटीतला व भिंतीतल्या नळातला अडथळा न धरता, मिनिटाला साडेनऊ लिटरच्या आसपास पाणी मिळते, तर साडेआठ मिलिमीटरच्या पाइपातून जेमतेम साडेतीन. उलट पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटर पाइप घेतला तर हिशोबाने जवळपास तिप्पट, प्रत्यक्षात तोटीच्या अरुंद गळ्यामुळे त्याहून कमी, पण तरीही बरेच जास्त पाणी येते. फवारणीचा वापरून झालेला पाइप तर घरच्या भाजीपाल्याला कधीच लावू नये, कारण औषधाचे अंश त्याच्या आतल्या थरात राहतात आणि धुऊन निघाले याची खात्री करता येत नाही.

येथपर्यंत पाइपाचे झाले; पण गळतीची तक्रार येते ती बहुधा नळाशी, आणि तेथे पाणी अडवणाऱ्या तीन स्वतंत्र जागा असतात ज्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. पहिली जागा आट्यांची. नळात भिंतीकडे जे आटे असतात ते एकमेकांत घट्ट रुतत जाऊन स्वतःच पाणी अडवतात, म्हणून त्यांच्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळणे योग्य असते. दुसरी जागा रबरी चकतीची, जिला प्लंबर वायसर म्हणतात. पाइपाच्या जोडाची गोल टोपी तोटीच्या तोंडावर फिरवून बसते तेव्हा आटे फक्त ओढून धरण्याचे काम करतात आणि पाणी अडते ते आतल्या चकतीवर. येथे आट्यांना कितीही टेप गुंडाळला तरी उपयोग नसतो, उलट टेपाच्या जाडीने टोपी पूर्ण खाली जात नाही आणि चकती दाबलीच जात नाही. नळाशी गळते म्हणून टेपाचे वेटोळे वाढवत नेणे ही या दोन जिल्ह्यांत सर्वत्र आढळणारी, आणि गळती वाढवणारी, दुरुस्ती आहे. तिसरी जागा फुगीर कड्यांच्या नळीची, जिच्यावर पाइप चढवून वरून क्लिप आवळतात.

आट्यांच्या मापाबाबत एक गोष्ट ठाऊक नसल्याने फार पैसा वाया जातो. आपल्याकडे अर्धा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर असतो आणि पाऊण इंचीचा २६.४ मिलिमीटर, अर्धा आणि पाऊण ही जुन्या लोखंडी नळांच्या आतल्या मापावरून पडलेली नावे आहेत, पट्टीने मोजून ती मिळत नाहीत. या दोन्ही मापांत एका इंचात १४ आटे असतात. अमेरिकेतल्या बागेच्या पाइपाचे आटे बाहेरून सुमारे २७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या पाऊण इंचीच्या इतके जवळचे असतात की डोळ्यांना फरक कळत नाही, पण त्यांत इंचाला साडेअकराच आटे असतात. परदेशातून आणलेला किंवा घरपोच मागवलेला जोड एक-दोन फेरे सरळ फिरतो आणि मग अडतो, तेव्हा जोर लावून फिरवण्यापेक्षा थांबून आटे मोजावेत. पितळी आट्यांवर प्लॅस्टिकची टोपी जबरदस्तीने चढवली की टोपीचे आटे कायमचे मरतात.

क्लिपची जागा समजून घेण्यासाठी जोर किती येतो हे पाहावे. अर्धा इंची पाइप चढवलेली नळी बाहेरून १४ मिलिमीटर असेल तर ०.७ किलो दाबाला पाइपाला निसटवू पाहणारा जोर सुमारे १ किलोचा असतो, आणि तोच अडीच किलो दाबाला जवळपास पावणेचार किलोचा होतो. पाऊण इंची पाइपात, जेथे नळी २१ मिलिमीटरची असते, तो साडेआठ किलोच्या पुढे जातो. बांधायची तार १ किलो सहज सांभाळते, पण साडेआठ किलोला ती पाइपात रुतत जाऊन तो कापते. स्क्रूने आवळायची पोलादी पट्टी, म्हणजे होज क्लिप, रुंदीने जोर पसरवते, आणि ती नळीच्या फुगीर कड्यांच्या मागे, पाइपाच्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत बसवायची असते. अगदी टोकाशी बसवली तर आवळताना ती घसरून बाहेर येते. येथेच पाइपाच्या पदार्थाचा आणि जोडाचा संबंध पुन्हा येतो, कारण आवळलेले रबर परत उसळून क्लिपला घट्ट धरून राहते, पीव्हीसी मात्र सततच्या दाबाखाली हळूहळू सरकत पातळ होते आणि दोन-तीन दिवसांत क्लिप आपोआप सैल पडते. म्हणून पीव्हीसी आणि ब्रेडेड पाइपाची क्लिप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी अर्धा फेरा आवळणे हा जोड बसवण्याचाच भाग मानावा. ब्रेडेड पाइप दोऱ्यामुळे ताणत नाही आणि नळीवर चढताना त्रास देतो, तेव्हा त्याचे टोक कढत पाण्यात मिनिटभर धरावे. मेणबत्ती किंवा लायटर धरला तर मऊपणा आणणारे द्रव्य जळून तेवढाच भाग पुढे कडक होऊन तडकतो.

सांगलीच्या विश्रामबाग भागात असतात तशा एका बंगल्याच्या बागेचे उदाहरण घेतले तर हे सगळे एका जागी पाहता येते. गच्चीवरच्या टाकीखाली अडीच किलोचा, दाब उतरताच आपोआप सुरू होणारा पंप आहे, अंगणात पितळी तोटी आहे, तिच्यावर रबरी बाही चढवून क्लिप आवळायचा प्लॅस्टिकचा जोड आहे, आणि पाइप नवा, जाळीचा, अर्धा इंची आहे. तक्रार अशी की गन बंद ठेवली की नळाशी ठिबकते आणि पंप दर काही मिनिटांनी क्षणभर सुरू होऊन थांबतो. पंपाचे हे अधूनमधून सुरू होणे हाच गळतीचा खरा पुरावा, कारण पाणी कोठेही वापरले जात नसताना दाब उतरतो तो कोठून तरी पाणी जात असल्यानेच. आधी नळ, जोड आणि पाइपाचा हातभर भाग कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा, गन बंद ठेवून नळ पूर्ण उघडावा, आणि वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्या वरून खाली एकेका जागी टेकवत जावे. थेंब सर्वांत खाली लोंबतो, पण ओल कोठून सुरू होते हे कागद दाखवतो.

अशा प्रसंगी पहिली ओल अनेकदा जोडाशी नसतेच, ती तोटीच्या मुठीखाली, दांड्याभोवती असते. याचे कारण तोटीच्या रचनेत आहे: पाणी अडवणारी चकती खाली असते आणि दांडा तिच्या पलीकडे, म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याच्या बाजूला असतो, त्यामुळे तोटी बंद असताना दांड्याभोवती दाब नसतो, आणि उघडी असताना पाणी मोकळे वाहत असल्याने फारसा येत नाही. पुढे गन लावून वाट बंद केली की तोटीच्या सबंध आयुष्यात प्रथमच तेथे पूर्ण दाब येतो, वाळलेले पॅकिंग तो सोसत नाही, आणि दांड्यावरून ओघळलेले पाणी खाली येऊन जोडातून गळते आहे असे भासते. मुठीखालचा नट पाव फेरा आवळला की बहुधा हे थांबते. मूठ फिरवणे जड होऊ लागले तर आवळणे थांबवून आत टेफ्लॉनचा दोरा किंवा ग्रीस लावलेला सुती दोरा दोन-तीन वेढे भरावा. अर्ध्या किंवा पाव फेऱ्यात उघडणाऱ्या चिनी मातीच्या चकतीच्या तोटीत पॅकिंगऐवजी छोटी रबरी कडी असते आणि ती आवळून उपयोग नसतो, बदलावीच लागते.

ते झाल्यावर कागद पुन्हा फिरवला की दुसरी ओल जोडाच्या रबरी बाहीशी सापडते. गुळगुळीत तोटीवर घर्षणाने टिकणारी ही बाही ०.७ किलोला ठीक होती. अडीच किलोला ती टिकवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा तोटीच बदलणे शहाणपणाचे. वॉशिंग मशीनसाठी मिळणाऱ्या तोटीच्या तोंडाला बाहेरून पाऊण इंची आटे आणि सपाट कड असते, आणि तिच्यावर पितळी टोपीचा, आत तीन मिलिमीटर जाडीची रबरी चकती असलेला जोड टेप न लावता हाताने घट्ट बसतो. पान्याने पाव फेऱ्याहून जास्त लागत असेल तर चकती वाळली आहे किंवा कडेवर खवले आहेत असे समजावे. एकाऐवजी दोन चकत्या घालण्याचा मोह आवरावा, कारण तेवढे आटे कमी पकडतात. जुनी तोटी काढल्यावर भिंतीकडच्या आट्यांना मात्र टेप लावायचा असतो, आणि तो आटे फिरवण्याच्या दिशेने, आठ-दहा वेढे, ताणून गुंडाळायचा असतो. शेवटी पाइपाचे टोक काटकोनात कापून, कढत पाण्यात मऊ करून, नव्या नळीवर पूर्ण चढवून क्लिप आवळली, गन बंद ठेवून पंप तासभर पाहिला आणि तो एकदाही सुरू झाला नाही, तर जोड बसला. क्लिपचा राहिलेला अर्धा फेरा तिसऱ्या दिवशी द्यायचा.

याच बागेला पंप नसता, टाकीचाच दाब असता आणि गनही नसती, तर या खर्चातले जवळपास काहीच लागले नसते. तेथे पाऊण इंची साधा पीव्हीसी पाइप, सावलीत गुंडाळायची सवय आणि एक क्लिप एवढे पुरते, आणि पाणी उलट लवकर घालून होते. रबरी पाइप सुचवावा तो रोपवाटिकेला किंवा शाळेच्या मैदानाला, जेथे पाइप दिवसभर उन्हात ओढला जातो आणि गुंडाळायला कोणाला सवड नसते. पंप आणि गन असलेल्या घरगुती बागेला प्रकाश न शिरणारा ब्रेडेड पाइपच योग्य ठरतो. जत, आटपाडी, माण किंवा खटाव भागात बोअरचे जड पाणी असेल तेथे एवढे वाढवून सांगावे लागते की जोड वर्षातून दोनदा उघडून चकतीच्या बसण्याच्या जागेवरचा पांढरा क्षार लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने काढावा. आणि पितळी तोटीवर ॲल्युमिनियमचा स्वस्त जोड बसवू नये, कारण दोन भिन्न धातूंच्या स्पर्शाने आणि खारट पाण्याने ॲल्युमिनियम झिजून आटे एकमेकांत जखडतात, आणि तो जोड काढताना तोटीही पिळून निघते.